खिशातून जाणारे साठ हजार

सकाळी ६.३०

पहिली पाळी सातला लागते. त्याआधीचा अर्धा तास कँटीनमध्ये चहा आणि पोह्यांवर गर्दी असते आणि त्या अर्ध्या तासात मला दिवसभराचं काम मिळतं. चाकणच्या या कारखान्यात अंतर्गत संवादाचं काम मी करते. आज साडेतीन मिनिटांचा एक व्हिडिओ पूर्ण करायचा आहे. १ एप्रिलपासून कामगारांच्या समूह आरोग्य विम्यात एक बदल होतोय: आईवडिलांच्या उपचाराचा दावा असेल, तर मंजूर रकमेतले २० टक्के कामगाराने भरायचे. विमा कंपन्यांच्या भाषेत याला को-पे म्हणतात. उद्या तिन्ही पाळ्यांना हा व्हिडिओ कँटीनच्या पडद्यावर दिसेल आणि फोनवरही जाईल.

युनियनच्या पदाधिकाऱ्यांना आणि सुपरवायझरना काल सांगून झालंय. ती माणसं व्हिडिओच्या आधी यायलाच हवीत, कारण पडदा बंद झाला की लोक त्यांच्याकडेच वळतात. पण कालपासून आजपर्यंत बातमीचं रूप बदललेलं आहे. पेंटशॉपमधले एक मामा मला म्हणाले, "मॅडम, आईबापाचा विमा बंद होणार म्हणे." बंद होत नाही, हे मी सांगितलं. त्यावर त्यांनी जे विचारलं ते मी जसंच्या तसं वहीत उतरवलं: "माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. माझे किती जाणार?"

आणखी दोन प्रश्न मिळाले. "आई कराडला असते, तिथे चालेल का?" आणि "३० मार्चला भरती केलं आणि एप्रिलमध्ये घरी सोडलं, तर जुना नियम की नवा?" एचआरने मला दिलेल्या प्रश्नोत्तरांच्या यादीत यांपैकी एकही प्रश्न नव्हता. त्या यादीतला पहिला प्रश्न होता, "या बदलामागची भूमिका काय आहे?" कँटीनमध्ये असा प्रश्न कुणी विचारत नाही.

सकाळी ९.००

एचआरच्या ताई आणि मी संहिता घेऊन बसलो. सुरुवात अशी होती: "विमा योजनेत काही सुधारणा करण्याचा निर्णय घेण्यात आला आहे." मराठीतली कर्मणी रचना अशा वेळी फार सोयीची पडते. निर्णय घेतला जातो, पण घेणारा कुणी दिसत नाही. आणि "सुधारणा" हा शब्द तर ज्याचे पैसे वाढणार आहेत त्याला टोचणारच. आम्ही ते वाक्य असं केलं: "१ एप्रिलपासून आईवडिलांच्या दाव्यात २० टक्के वाटा तुम्हाला भरावा लागेल. हा निर्णय कंपनीने घेतला आहे." वाईट बातमी पहिल्या वीस सेकंदांत, कर्त्यासकट.

त्यानंतर कारण, चार वाक्यांत. गेल्या वर्षी भरलेल्या हप्त्यापेक्षा दाव्यांची रक्कम जास्त झाली, म्हणून विमा कंपनीने नूतनीकरणाचा हप्ता वाढवून मागितला. कंपनीपुढे तीन वाटा होत्या: आईवडिलांना योजनेतून काढणं, सगळ्यांचंच तीन लाखांचं संरक्षण कमी करणं, किंवा आईवडिलांच्या दाव्यात वाटा ठेवणं. तिसरी वाट धरली. नाकारलेल्या दोन वाटा सांगितल्या की ऐकणाऱ्याला तो निर्णय तोलता येतो, मग पटो वा न पटो.

"आम्हाला तुमच्या भावनांची जाणीव आहे" हे वाक्य ताईंना ठेवायचं होतं. मी म्हटलं, त्या जागी जाणीव दिसेल असं काही सांगू या. मग आगाऊ रकमेची सोय वर आली. रुग्णाला घरी सोडताना वाटा भरायला पैसे नसतील, तर कंपनी ५० हजारांपर्यंत बिनव्याजी उचल देणार आहे, दहा हप्त्यांत पगारातून वळती. ही सोय मंजूर झालेली होती, पण परिपत्रकाच्या शेवटच्या पानावर. आता ती व्हिडिओच्या पहिल्या मिनिटात आली.

सकाळी १०.३०

आता आकडा. डिझाइन करणाऱ्या मुलाने रात्रीच एक पाटी तयार केली होती: बिल २,४०,००० रुपये, तुमचा वाटा २० टक्के, म्हणजे ४८,०००. देखणी पाटी, सुबक वर्तुळ, मोठे अंक. मामांचा प्रश्न वहीत होता, म्हणून मी आमच्या विमा ब्रोकरला फोन लावला आणि एकेक ओळ मांडून घेतली.

रुग्णालयाचं बिल पूर्ण मंजूर होतंच असं नाही. हातमोजे, नोंदणी शुल्क, सोबतच्या माणसाचं जेवण अशा गोष्टी सहसा विम्यात बसत नाहीत. उदाहरणात त्यांचे १५,००० धरले. उरले २,२५,०००, ही मंजूर रक्कम. तिचे २० टक्के ४५,०००, ते कामगाराचे. विमा कंपनी देणार १,८०,०००. पण ते १५,०००ही कामगारालाच भरायचे आहेत. म्हणजे खिशातून जाणार ४५ अधिक १५, एकूण ६०,०००.

पाटीवर ४८, प्रत्यक्षात ६०. बारा हजारांचा हा फरक रुग्णालयाच्या काउंटरवर कळला असता, आई व्हीलचेअरवर बसलेली असताना. शिवाय २० टक्के बिलाचे नसतात, मंजूर रकमेचे असतात. आमच्या पाटीने नियमच चुकीचा सांगितला होता. नवी पाटी चार ओळींची केली आणि शेवटच्या ओळीत फक्त "तुमच्या खिशातून: ६०,०००" एवढंच ठेवलं. खोलीचं भाडं ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं तर आणखी कपात होऊ शकते, म्हणून "खोली घेण्याआधी भाड्याची मर्यादा विचारा" ही ओळ खाली जोडली.

ब्रोकरकडून आणखी दोन उत्तरं लेखी मागून घेतली. भरती होण्याची तारीख धरली जाते, त्यामुळे ३० मार्चला दाखल झालेल्यांना जुनाच नियम. आणि स्वतः पैसे भरून टॉप-अप घेतला, तर हे २० टक्के वाचतात का? नाही. आमच्या योजनेतला टॉप-अप तीन लाखांच्या वरच्या खर्चासाठी आहे, को-पेसाठी नाही. हे उत्तर कुणालाच आवडणार नाही. पण ते दिलं नाही, तर लोक टॉप-अप घेतील आणि वाटा सुटला असं समजतील.

दुपारी १२.००

कारखान्याचे प्रमुख चित्रीकरणाला आले. बोर्डरूम नको म्हटलं. ते रोज बसतात त्याच केबिनमध्ये, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. टेलिप्रॉम्प्टरवर वाक्यं लहान ठेवली होती, तरी दुसऱ्या वेळी ते आपसूक म्हणाले, "आपल्या सगळ्यांना आता आपल्या आईवडिलांसाठी थोडा भार उचलावा लागेल."

मी थांबवलं. मराठीत "आपण" म्हटलं की बोलणारा ऐकणाऱ्याच्या बाजूला येऊन बसतो. अधिकाऱ्यांची विमा योजना वेगळी आहे आणि तिच्यात हा वाटा नाही. कामगारांना ते माहीत आहे. "साहेब, इथे 'तुम्हाला' म्हणावं लागेल, आणि निर्णयाला 'आम्ही'," मी सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "खरं आहे. तसंच म्हणतो." "थोडा" हा शब्दही गेला. साठ हजार कुणासाठी थोडे, हे बोलणाऱ्याने ठरवायचं नसतं.

चौथ्या वेळी त्यांचा आवाज उतरला, वेग आपोआप कमी झाला. तोच तुकडा ठेवला.

दुपारी २.००

संकलन. कँटीनमध्ये ताटांचा आणि पंख्यांचा आवाज असतो, तिथे व्हिडिओ ऐकू येत नाही. तो वाचला जातो. म्हणून प्रत्येक वाक्य पडद्यावर मजकुरात आणि सहा प्रश्नांच्या सहा पाट्या. एका पाटीवर एकच प्रश्न, वर कामगाराच्या शब्दांत, खाली उत्तर. ती किती वेळ ठेवायची याचं माझं माप साधं आहे: पाटी मोठ्याने सावकाश दोनदा वाचून होईपर्यंत. आकड्यांची पाटी तशी बावीस सेकंद राहिली. संकलकाला ते लांबलेलं वाटलं, पण बेरीज करायला माणसाला तेवढा वेळ लागतोच.

पहिली प्रत बाहेर काढली तेव्हा "नियम"मधली वेलांटी भलत्या अक्षरावर बसलेली आणि "हप्ता"तलं जोडाक्षर फुटून "हप्‌ता" झालेलं. संकलनाच्या प्रणालीत मजकुराचं इंजिन दक्षिण आशियाई लिपींसाठी बदललं नसेल की असं होतं. ते बदलून प्रणाली पुन्हा सुरू केली. मग सगळ्या पाट्या पुन्हा तपासल्या, कारण आधी लिहिलेला मजकूर काही वेळा तसाच राहतो. पैशांच्या बातमीत अक्षरं मोडलेली दिसली की घाईघाईने उरकल्यासारखं वाटतं.

पियानोचं संगीत काढून टाकलं. त्याने बातमी दुःखद होत होती, स्पष्ट होत नव्हती. कामगाराच्या वाट्याला दिलेला लाल रंगही बदलून गडद निळा केला. लाल पाहिलं की दंड वाटतो.

दुपारी ३.३०

पाळी बदलताना सहा जणांना थांबवून घेतलं, त्यांत सकाळचे मामाही होते. कँटीनचाच पडदा, आवाज बंद, सहा मीटरवरच्या बाकावर बसवलं. व्हिडिओ संपल्यावर "आवडला का" असं विचारलं नाही. विचारलं, "दोन लाख चाळीस हजारांचं बिल आलं, तर तुमचे किती?"

चौघांनी साठ सांगितलं. दोघं पंचेचाळीस म्हणाले. म्हणजे पाटीवर १५,००० दिसत होते, पण ते आपल्याकडून जातात हे सगळ्यांना पोचलं नव्हतं. कराडच्या उत्तरावरही एकजण अडला: "नेटवर्क रुग्णालय" म्हणजे काय? ज्या रुग्णालयात कॅशलेस होतं ते. मग तेच लिहायचं: "कॅशलेस यादीतलं रुग्णालय गावाकडे असेल, तर तिथेही हाच नियम. यादीत नसेल, तर आधी पूर्ण बिल तुम्ही भरायचं, मग कागद जमा करून दावा करायचा."

सायंकाळी ५.३०

दुरुस्ती केली. आता १५,०००ची आणि ४५,०००ची ओळ एकाच निळ्या रंगात येते, दोन्ही सरकत खाली जातात आणि एकमेकांत मिसळून ६०,००० होतात. विमा कंपनीचे १,८०,००० बाजूला राखाडी राहतात. शेवटच्या पाटीवर एचआर कक्षाची जागा, तिन्ही पाळ्यांना जमेल अशी वेळ आणि एक फोन नंबर. त्या फोनवर माणूस बसणार आहे ना, हे ताईंकडून पुन्हा पक्कं केलं. रात्रपाळीसाठी एकाची नेमणूकही झाली.

मामा बसला निघायच्या आधी पुन्हा आले. नवी पाटी त्यांना लॅपटॉपवर दाखवली. त्यांनी खिशातून कागद काढून त्यावर ६० लिहिलं, त्याखाली ५० लिहून वजा केलं. "उचल मिळाली तर दहा जमवायचेत," ते म्हणाले. "पंधरा दिवस आहेत. बहिणीशी बोलतो."

खूश नव्हते ते, आणि व्हावं अशी बातमीही नव्हती. कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

सायंकाळी ७.००

कँटीनसाठी आडवी प्रत, फोनसाठी उभी. उद्या तीच फाइल तिन्ही पाळ्यांना, एकाच दिवशी. सुपरवायझरना पाठवलेल्या पानावर अजून ४८,००० हाच आकडा होता. ते पान परत मागवून सुधारलेलं पाठवलं आणि प्रत्येकाला फोन करून सांगितलं: "जुनं फाडून टाका. साठ."