भिंतीवरची इंग्रजी नोटीस मराठीत आणताना

तालुक्याच्या गावातलं एक हार्डवेअरचं दुकान धरू. पाइप, नळ, वायर, रंग, मोटरचे सुटे भाग असा माल. गिऱ्हाईक म्हणजे प्लंबर, गवंडी, वायरमन, घर बांधायला काढलेली कुटुंबं आणि विहिरीवरची मोटर बंद पडली की धावत येणारे शेतकरी. गल्ल्याच्या मागे एक लॅमिनेट केलेला इंग्रजी कागद लावलेला आहे. मजकूर कुठूनतरी तयार मिळालेला, खाली दुकानाचं नाव टाकलेलं. आता दुकानदाराला तो मराठीत हवा आहे, कारण ज्यांच्यासाठी तो लावला ते तो वाचत नाहीत, आणि महिनाअखेरीला उधारीवरून वाद होतात.

बहुतेक ठिकाणी यावर पटकन होणारं भाषांतर असं असतं: ‘सर्व देयके प्राप्तीनंतर तत्काळ पूर्णतः देय राहतील, जोपर्यंत व्यवस्थापनाद्वारे पूर्व पत व्यवस्था मंजूर करण्यात आलेली नसेल. थकीत खात्यांवर वार्षिक २४ टक्के दराने व्याज आकारले जाईल. अनादरित धनादेशांवर रु. ५०० हाताळणी शुल्क लागू होईल. डिजिटल माध्यमांद्वारे केलेली देयके जमा पुष्टीनंतरच पूर्ण समजली जातील. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

यातला प्रत्येक शब्द मराठी कोशात सापडेल, तरी दुकानात उभा असलेला माणूस हे वाक्य दुसऱ्यांदा वाचणार नाही. शिवाय मजकुरात सरळ चुका आहेत. ‘देयक’ म्हणजे बिल. पहिल्या वाक्यात तो शब्द बिलासाठी आला आहे आणि चौथ्यात भरलेल्या पैशांसाठी. काही जण पहिल्या वाक्याचं ‘पावती मिळाल्यावर पैसे द्यावेत’ असंही करतात, कारण इंग्रजीतल्या ‘रिसीट’ला त्यांना पावतीच आठवते. तिथे अर्थ होता बिल हातात पडल्यावर. आपल्याकडे पैसे दिल्यावर पावती मिळते. त्या नोटिशीप्रमाणे वागायचं ठरवलं तर गिऱ्हाईक पावतीची वाट बघत बसेल आणि दुकानदार पैशांची.

चुका दुरुस्त करता येतात. खरी अडचण अशी की इंग्रजी वाक्यात माणूसच नाही. व्याज ‘आकारले जाईल’, शुल्क ‘लागू होईल’, पत ‘मंजूर’ होईल, पण कोण करणार, कुणाला, कधीपासून? मराठीत बोलताना ही माहिती सांगितल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. म्हणून लेखणी उचलण्याआधी दुकानदाराशेजारी बसून एकेका ओळीवर विचारावं लागतं: असं झालं तर तुम्ही प्रत्यक्षात काय करता?

व्याजाच्या ओळीवर हे विचारलं की अशा दुकानात साधारण एकच उत्तर येतं: ‘व्याज कोण देतंय? मागचं भागल्याशिवाय पुढचं देत नाही, एवढंच.’ म्हणजे दुकानाचा खरा नियम हा आहे आणि तो कागदावर कुठेच नाही. कागदावर आहे तो २४ टक्क्यांचा आकडा, जो आजवर कुणाला लावलेला नाही. असा आकडा मराठीत आणून काय साधणार? गिऱ्हाईक एकतर घाबरेल, नाहीतर बाकीचे नियमही असेच नुसते लिहिलेले आहेत असं समजेल. ती ओळ काढावी आणि खरा नियम लिहावा: ‘आधीची उधारी फिटल्याशिवाय नवीन उधार मिळणार नाही.’

जे दुकानदार खरोखर व्याज घेतात त्यांनी ते लपवू नये, पण हिशोब डोक्यात करता येईल असं लिहावं. वर्षाला २४ टक्के म्हणजे नेमकं किती, हे उभ्या उभ्या कुणाला सांगता येत नाही. ‘दरमहा शेकडा २ रुपये’ म्हटलं की साडेसात हजारांच्या बिलावर महिन्याला दीडशे रुपये, हे कुणीही सांगतं. लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो. मुदत संपून दीड महिना झाला तर दीडशे घ्यायचे, सव्वादोनशे की पूर्ण तीनशे? इंग्रजी नोटीस यावर गप्प आहे. दुकानदार म्हणाला की महिना पूर्ण भरला तरच धरतो, तर तेच लिहायचं: ‘पूर्ण महिन्याचंच व्याज धरलं जाईल.’ वादाची जागा या अर्ध्या महिन्यातच असते.

मुदतीचंही तसंच आहे. तीस दिवस म्हणजे कधीपासून? माल नेल्यापासून, की महिनाअखेर खात्याची बेरीज मारल्यापासून? आणि ऊसवाल्या शेतकऱ्याचं काय? त्याचे पैसे कारखान्याचं बिल निघाल्यावर येतात आणि दुकानदार त्याला तोपर्यंत थांबतो. सर्वांसाठी तीस दिवसांची पाटी लावली तर ती त्याच्यासाठी खोटी ठरते. माझं मत असं की उधारीचे तपशील भिंतीवर नसावेतच. भिंत सगळ्यांसाठी असते, उधारी ओळखीच्या माणसाशी ठरते. भिंतीवर ‘उधारी फक्त खातेदारांना, आधी ठरलेल्या मुदतीवर’ एवढं पुरे. मुदत किती, कमाल रक्कम किती, खात्यावर माल न्यायचा हक्क कुणाकुणाला, हे त्या खातेदाराच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्याची सही घ्यावी. गवंड्याच्या नावावर त्याचा पोरगा माल नेतो आणि पुढे गवंडी म्हणतो मी सांगितलंच नव्हतं, हे भांडण भिंतीवरच्या कुठल्याही वाक्याने मिटत नाही. त्या सहीने मिटतं.

चेकच्या ओळीतला पाचशेचा आकडा तयार मजकुरातूनच आलेला. चेक परत आला की बँक दुकानदाराच्या खात्यातूनही पैसे कापते आणि त्याला तेवढेच परत हवे असतात. मग लिहावं: ‘चेक परत आला तर बँक आमच्याकडून जेवढे पैसे कापेल तेवढे तुमच्या बिलात धरू. त्यानंतर रोख किंवा यूपीआयनेच पैसे घेऊ.’ ‘अनादरित’ हा शब्द बँकेच्या मेमोत राहू द्या. दुकानात चेक परत येतो किंवा बाऊन्स होतो.

आता यूपीआय. ‘जमा पुष्टीनंतरच पूर्ण समजली जातील’ यामागची चिंता खरी आहे. गिऱ्हाईक मोबाइलवर हिरवी खूण दाखवतं, काउंटरवरच्या स्पीकरमधून मात्र आवाज येत नाही. कधी नेटवर्क अडकलेलं असतं, कधी दाखवलेला स्क्रीनशॉट जुना किंवा बनावट असतो. म्हणून नियम हवाच, पण गिऱ्हाइकावर संशय न घेता: ‘पैसे आमच्या खात्यात जमा झाल्याचं कळलं की माल घेऊन जा. स्क्रीनशॉट चालत नाही.’ आणि ज्याच्या खात्यातून पैसे गेले पण इकडे आले नाहीत, त्याचं काय? तो माणूस तिथे हवालदिल उभा असतो आणि इंग्रजी नोटिशीत त्याच्यासाठी एक अक्षर नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार दुकानदाराला केलेला असा यूपीआय व्यवहार अडकला, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप परत जमा व्हायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हे एका ओळीत सांगता येतं आणि ते वाचून काउंटरवरचा आवाज खाली येतो.

शेवटची ओळ सगळ्यात जास्त ठिकाणी दिसते आणि तिचं भाषांतर करूच नये. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं सरसकट लिहिणं कायद्यापुढे टिकत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस धरले जातात. म्हणजे दुकानदाराने मुदत लिहिण्यातच त्याचं हित आहे. कापलेली वायर किंवा मिसळून दिलेला रंग मन बदललं म्हणून परत घेता येत नाही, हे गिऱ्हाइकालाही पटतं. ते वेगळं लिहायचं आणि खराब निघालेल्या मालाचं वेगळं. ‘वाद फक्त अमुक गावच्या न्यायालयात’ ही बिलावरची ओळही ग्राहकाला अडवू शकत नाही. तो राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करण्याचा हक्क त्याला याच कायद्याने दिला आहे.

सुरातही दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ‘पैसे देणे’, ‘माल तपासणे’ असा नोटिशीचा सूर सरकारी कचेरीत चालतो, पण रोजच्या गिऱ्हाइकाला तो हुकुमासारखा लागतो. उलट प्रत्येक ओळीत ‘कृपया’ घातलं की त्या शब्दाला वजन राहत नाही. ‘द्यावेत’, ‘तपासून घ्या’ या क्रियापदांतच पुरेसा मान आहे. दुकान जे करतं ते ‘आम्ही’ म्हणून लिहिलं की पाटीमागे माणूस आहे हे कळतं. मग कागद असा होतो:

पैसे माल घेतानाच द्यावेत. रोख, यूपीआय, कार्ड चालेल.
उधारी फक्त खातेदारांना, आधी ठरलेल्या मुदतीवर. आधीची उधारी फिटल्याशिवाय नवीन उधार मिळणार नाही.
यूपीआयचे पैसे आमच्या खात्यात जमा झाले की माल घेऊन जा. स्क्रीनशॉट चालत नाही.
पैसे तुमच्या खात्यातून गेले पण आमच्याकडे आले नाहीत, तर माल तुमच्या नावाने बाजूला ठेवू. अडकलेले पैसे ५ दिवसांत बँकेतून परत यायला हवेत. न आल्यास बँकेकडे तक्रार करा.
चेक फक्त खातेदारांकडून घेतो. परत आला तर बँक आमच्याकडून कापेल तेवढे पैसे बिलात धरू.
माल खराब निघाला तर ३० दिवसांत बिल घेऊन या. बदलून देऊ किंवा पैसे परत करू.
कापलेली वायर, कापलेला पाइप, मिसळलेला रंग खराब नसेल तर परत घेत नाही.
चूकभूल द्यावी घ्यावी.

शेवटची ओळ इंग्रजी बिलावर तीन अक्षरांत असते आणि फक्त विकणाऱ्याला सांभाळते. आपल्या जुन्या बिलांवरची ही ओळ दोन्ही बाजूंना धरून आहे, बेरीज कुणाचीही चुको.

कागद लावण्याआधी तो दुकानातल्या नव्या पोराला आणि एखाद्या प्लंबरला वाचायला द्यावा आणि मग विचारावं: चेक परत आला तर काय होईल? फ्यूज दोन दिवसांत गेला तर काय कराल? त्यांनी कागदाकडे न बघता आपल्या शब्दांत बरोबर सांगितलं तर मजकूर झाला. अडखळले तर ते वाक्य पुन्हा लिहायला घ्यावं.

दुकानदारांना एक विनंती. पुढचं बिलबुक छापायला टाकाल तेव्हा प्रेसवाल्याकडचा तयार इंग्रजी मजकूर घेऊ नका. वरचा कागद आपल्या दुकानाप्रमाणे बदलून बिलाच्या मागच्या बाजूला छापून घ्या, म्हणजे गिऱ्हाइकाला नियम घरी गेल्यावरही वाचता येतील.