पिशवीवरची वारली आणि बाटलीतला डिंक

शाळेच्या गटावर संध्याकाळी निरोप येतो की परवा कापडी पिशवी रंगवून आणायची आहे, नक्षी वारली. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात एका फळीवर पोस्टर कलर, ॲक्रिलिक, वॉटर कलरच्या वड्या आणि फॅब्रिक कलर शेजारी शेजारी मांडलेले असतात. बाटल्या सारख्याच आकाराच्या, झाकणं सारखीच रंगीत. दुकानदार बहुतेक वेळा पोस्टर कलर पुढे करतो. तो स्वस्त असतो आणि मुलांना ओळखीचा असतो. पिशवीसाठी मात्र तो नेमका चुकीचा.

या चारही बाटल्यांतली रंगाची भुकटी बऱ्याचदा एकच असते. फरक पडतो तो त्या भुकटीला धरून ठेवणाऱ्या पदार्थामुळे. वॉटर कलरमध्ये ते काम बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक करतो. पोस्टर कलरमध्येही डिंकासारखंच पाण्यात विरघळणारं काहीतरी असतं. शिवाय रंग दाट आणि अपारदर्शक दिसावा म्हणून त्यात खडूसारखी पांढरी भुकटी भरलेली असते. डिंक सुकला तरी पाणी लागताच पुन्हा विरघळतो. वॉटर कलरची सुकून खडखडीत झालेली वडी ओल्या ब्रशने जागी होते ती त्यामुळेच. कागदावर हा गुण सोयीचा, पण पावसाळ्यात भाजी आणणाऱ्या पिशवीवर त्याचाच दोष होतो.

ॲक्रिलिकचा मामला निराळा. त्यात प्लॅस्टिकच्या जातीच्या रेझिनचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की ते कण एकमेकांना चिकटतात आणि सलग पापुद्रा तयार होतो. त्यावर मग कितीही पाणी ओता, तो विरघळत नाही. फॅब्रिक कलर हा याच घराण्यातला. त्यातलं रेझिन मऊ आणि लवचीक असतं, त्यामुळे कापडाची घडी घातली तरी तडकत नाही.

आता मुद्दाम वारलीचंच उदाहरण घेऊ, कारण त्यात चुका चटकन दिसतात. पालघर-डहाणूकडच्या घरांत गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठीत पाणी आणि डिंक घालून ही चित्रं काढत आले आहेत. ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. घरातली भिंत कोणी धूत नाही, म्हणून तिथे डिंक पुरतो. पिशवी धुतली जाते, चोळली जाते, कोंबून खिशात घातली जाते.

तपकिरी किंवा मरून पिशवीवर पांढरी माणसं काढायची, तर पोस्टर कलरचा पांढरा पहिल्याच हाताला झकास उठून दिसतो. मुलं तिथेच फसतात. पिशवीची एकदा घडी घातली की त्या रेषेवर रंग तडकतो, हातावर पांढरी पूड येते. पहिल्या धुण्यात तारपा वाजवणारा अर्धा निघून जातो. फॅब्रिक पांढऱ्याचं उलटं होतं. ओला असताना तो भरगच्च दिसतो, पण त्यातलं दुधी रेझिन सुकताना पारदर्शक होतं, थोडा रंग धाग्यांतही मुरतो आणि चित्र फिकट वाटू लागतं. घाबरून लगेच जाड थर चढवू नये. पहिला पातळ हात पूर्ण सुकू द्यावा आणि मग त्याच रेषांवर दुसरा द्यावा. गडद कापडावर दोन हात लागतातच, असं धरूनच चालावं.

रंगाआधी कापड तपासायला हवं. स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळ पिशव्या कापसाच्या नसतात. नॉन-वोव्हन पिशवी तर विणलेलीच नसते आणि ती इस्त्रीखाली वितळते. मांजरपाट किंवा जाड सुती कापड सगळ्यात बरं. नव्या कापडाला खळ असते. पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो मोत्यासारखा वर बसून राहिला तर कापडावर खळ तरी आहे किंवा ते सिंथेटिक तरी आहे. साबणाने धुऊन, वाळवून, इस्त्री करून पुन्हा थेंब टाका. सुती असेल तर तो लगेच शोषला जाईल. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नका, त्याचा थर रंगाला धाग्यापर्यंत पोहोचू देत नाही.

पिशवीच्या आत पुठ्ठा सरकवावा, नाहीतर रंग झिरपून मागच्या बाजूला लागतो. गडद कापडावर पेन्सिल दिसत नाही, शिंप्याचा खडू चालतो. ब्रश शून्य किंवा एक नंबरचा, गोल, सिंथेटिक केसांचा. त्रिकोणांची अंगं भरताना हात थोडा सैल सोडला तरी चालतो, पण हातापायांच्या बारीक रेषांना रंगाचा घट्टपणा जपावा लागतो. मुलं सवयीने ब्रश पाण्यात बुडवतात आणि रेष धाग्याधाग्याने फुटून केसाळ होते. रंग मलईइतका दाट ठेवावा. ब्रश धुतला की कोरड्या फडक्यावर टिपून मगच बाटलीत घालावा. अडलंच तर थेंबभर पाणी, त्याहून जास्त नाही.

रात्रभर, शक्यतो 24 तास, पिशवी सपाट ठेवून सुकवावी. मग उलटी करून आतून, किंवा चित्रावर सुती फडकं टाकून, सुती कापडाच्या तापमानावर कोरडी इस्त्री फिरवावी. वाफ नको. इस्त्री एका जागी न थांबवता प्रत्येक भागावर तीन-चार मिनिटं पुरतात. बाटलीवर कंपनीने वेळ दिली असेल तर तीच पाळावी. हे काम मोठ्यांनी करायचं. या उष्णतेने रंगाची धाग्यांवरची पकड पक्की होते. त्यानंतर निदान तीन दिवस पिशवी धुऊ नये आणि पुढेही उलटी करून, गार पाण्यात, घासणी न लावता धुवावी. रंग बसला की नाही, हे ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर घासून कळतं. रुमालाला रंग लागला तर पुन्हा इस्त्री करावी.

घरात साधं ॲक्रिलिक असेल तर? चालतं, पण वाळल्यावर ते कापड कडक करतं, आणि जाड थर घडीवर चिरतो. त्यात फॅब्रिक मीडियम मिसळलं तर बराच फरक पडतो. साधारण समान भाग घेतात, पण त्या बाटलीवरचं प्रमाण आधी वाचावं. एखाद्या छोट्या चित्रासाठी हा खटाटोप करण्यापेक्षा फॅब्रिक पांढऱ्याची लहान बाटली आणलेली बरी. वारलीला रंग तरी कितीसा लागतो!

वॉटर कलरचा पिशवीशी संबंध नाही. तो पसरतो, फिकट दिसतो आणि धुतला की जातो. त्याची जागा जाड चित्रकलेच्या कागदावर. पोस्टर कलर मात्र तक्त्यांना, पुठ्ठ्याच्या घरांना, कागदाच्या लगद्याच्या वस्तूंना आणि संकल्पचित्रांना उत्तम. माठ, पणत्या, दगड, काचेच्या बाटल्या यांना ॲक्रिलिक.

वर्गात पिशव्या रंगवून घेणाऱ्या शिक्षकांसाठी एक गोष्ट. पहिली-दुसरीच्या मुलांच्या गणवेशावर पोस्टर कलर सांडला तर तो बहुधा धुऊन निघतो. फॅब्रिक कलर किंवा ॲक्रिलिक सांडलं तर ते ओलं आहे तोवरच, तत्काळ, साबण-पाण्याने निघेल. एकदा वाळलं की सदऱ्यावरही ते पिशवीइतकंच पक्कं बसतं. म्हणून लहानांच्या वर्गात जुने सदरे उलटे घालायला लावावेत, आणि पाण्याची बादली रंगाच्या आधी वर्गात यावी. ब्रशही त्याच बादलीत ताबडतोब टाकायचे. केसांच्या मुळाशी रेझिन वाळलं की तो ब्रश पुन्हा वळत नाही.