पुढच्या तारखेचा चेक : लवकर भरला, उशिरा भरला, मध्येच थांबवला
(लेखमाला : बँकेचा व्यवहार, लेखांक 7)

मागच्या लेखात आपण चेक क्लिअरिंगमधून कसा जातो ते पाहिले. आज पुढच्या तारखेच्या चेकचा विचार करू. हप्त्यांवर माल घेताना, भाड्याच्या अनामतीसाठी किंवा उसनवारीत असे चेक सर्रास दिले जातात. त्यात होणाऱ्या चुकाही तीनच प्रकारच्या असतात, म्हणून एकच व्यवहार घेऊन तिन्ही समजून घेऊ.

समजा, सांगलीतल्या एका दुकानदाराने 90 हजार रुपयांना पिठाची जुनी गिरणी घेतली आणि विकणाऱ्याला 30 हजारांचे तीन चेक दिले. त्यांवर 10 जून, 10 जुलै आणि 10 ऑगस्ट अशा तारखा आहेत.

जुलैचा चेक 2 जुलैला भरला तर

चेकवरची तारीख हा खातेदाराने बँकेला दिलेल्या आदेशाचाच भाग असतो. 10 जुलैपूर्वी ही रक्कम देण्याचा अधिकार बँकेला नाही. त्यामुळे 2 जुलैला आलेला चेक ती ‘पोस्ट डेटेड’ असा शेरा मारून परत करते. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये अनिलकुमार साहनी खटल्यात स्पष्ट केले, की असा कागद त्याच्यावरची तारीख उजाडेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने हुंडी असतो आणि त्या तारखेला चेक बनतो. म्हणून अशा परतीवरून दुकानदारावर चेक न वटल्याचा खटला भरता येत नाही. विकणाऱ्याचेही काही बिघडत नाही. तोच चेक 10 जुलैला किंवा त्यानंतर पुन्हा भरता येतो.

गोंधळ होतो तो बँकेच्या नजरेतून तारीख सुटली आणि पैसे वळते झाले तर. दुकानदाराने त्या आठवड्याच्या शिल्लकेवर विम्याचा हप्ता ठेवलेला असतो, तो परत जातो आणि दंड बसतो. अशा वेळी दुकानदाराने 10 तारखेची वाट न पाहता लगेच शाखेला लेखी कळवावे आणि रक्कम खात्यात परत जमा करायला सांगावे. 10 जुलै उलटल्यावर बँक म्हणेल, की चेक तसाही वटलाच असता. मग मुद्दलाचा मुद्दा संपतो आणि मधल्या आठ दिवसांत झालेले नुकसान तेवढे मागायचे उरते. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

ऑगस्टचा चेक थांबवला तर

जुलैअखेर गिरणीची मोटर जळाली. मोटर नवी असल्याचे विकणाऱ्याने सांगितले होते, पण कारागिराने ती उघडल्यावर जुनी निघाली. आता दुकानदाराला तिसरा चेक थांबवायचा आहे.

बँकेच्या बाजूने हे काम साधे आहे. खाते क्रमांक, चेक क्रमांक, तारीख, रक्कम आणि ज्याच्या नावे चेक आहे त्याचे नाव लिहून अर्ज द्यायचा किंवा बँकेच्या ॲपवरून सूचना द्यायची. चेक क्रमांकातला एक आकडा चुकला, तर यंत्रणा भलताच चेक अडवते आणि हवा तो वटून जातो. अर्जाच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घ्यावी, कारण सूचना चेक वटण्याआधी पोहोचली होती का, यावरच पुढे जबाबदारी ठरते. वेळेत मिळालेली सूचना डावलून बँकेने पैसे दिले, तर ती आपल्या खातेदाराला जबाबदार राहते.

बँकेने आदेश पाळला म्हणजे प्रकरण मिटले, असा मात्र अनेकांचा समज असतो, आणि तो महागात पडतो. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 मध्ये शिल्लक अपुरी असल्याचे किंवा ठरलेली मर्यादा ओलांडल्याचे कारण लिहिलेले आहे. तरीही ‘पेमेंट स्टॉप्ड बाय ड्रॉवर’ असा शेरा घेऊन परत आलेला चेकही या कलमात येऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये मोदी सिमेंट्स खटल्यात ठरवले. नाहीतर खाते रिकामे असलेला प्रत्येक जण आधी चेक थांबवून मोकळा झाला असता. गोव्यातून आलेल्या गोवाप्लास्ट खटल्यात न्यायालयाने 2003 मध्ये पुढच्या तारखेच्या चेकलाही हेच लागू केले. तारीख येण्याआधीच चेक थांबवला, म्हणून सुटका होत नाही.

मग बचाव कशात आहे? चेक देणे फेडण्यासाठीच दिला होता, असे न्यायालय आधी गृहीत धरते. ते खोडून काढण्याचे काम चेक देणाऱ्याचे असते. खात्यात पुरेसे पैसे होते आणि थांबवण्याला रास्त कारण होते, हे त्याने दाखवले तर तो सुटू शकतो, असे एमएमटीसी खटल्यात 2001 मध्ये न्यायालयाने सांगितले. म्हणून आमच्या दुकानदाराने तीन गोष्टी कराव्यात. 10 ऑगस्टला खात्यात 30 हजार शिल्लक ठेवावेत. चेक भरला जाण्याआधी विकणाऱ्याला रजिस्टर्ड पत्राने दोष कळवून चेक परत मागावा. आणि कारागिराचा लेखी अहवाल जपून ठेवावा.

माल मिळालाच नसता, तर त्याची बाजू अधिक भक्कम असती. 2014 च्या इंडस एअरवेज खटल्यात ऑर्डर रद्द झाली होती आणि माल आलाच नव्हता. आगाऊ दिलेल्या चेकमागे देणेच उभे राहिले नव्हते, म्हणून तिथे गुन्हा ठरला नाही. इथे गिरणी दुकानात बसवलेली आहे आणि वाद तिच्या दर्जाचा आहे.

आता विकणाऱ्याच्या बाजूने पाहू. चेक 13 ऑगस्टला परत आल्याचे बँकेने कळवले. तिथून 30 दिवसांत, म्हणजे 12 सप्टेंबरपर्यंत, त्याने पैशांची लेखी मागणी करणारी नोटीस द्यायची. दुकानदाराला ती 1 सप्टेंबरला मिळाली, तर पैसे द्यायला 15 दिवस, म्हणजे 16 सप्टेंबरपर्यंत मुदत आहे. तोवर पैसे आले नाहीत, तर त्यानंतरच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करायची. नोटीस घेऊन गप्प बसणे ही दुकानदाराची सर्वांत मोठी चूक ठरेल. त्याने याच 15 दिवसांत आपले कारण लेखी कळवावे.

जूनचा चेक सप्टेंबरात भरला तर

10 जूनचा चेक विकणाऱ्याच्या कपाटात राहिला आणि 20 सप्टेंबरला सापडला. 1 एप्रिल 2012 पासून चेकची मुदत तीन महिने आहे. त्याआधी ती सहा महिने होती, आणि अनेकांच्या डोक्यात अजून तोच आकडा आहे. मुदत चेकवरच्या तारखेपासून मोजतात. चेक हातात कधी पडला, याला महत्त्व नाही. बँक हा चेक मुदतबाह्य म्हणून परत करेल आणि त्यावर कलम 138 चा खटलाही उभा राहणार नाही.

इथे एक बारकावा आहे. चेक मुदतीत पोहोचायचा तो देणाऱ्याच्या बँकेत. आपण तो आपल्या बँकेत मुदतीत भरला, एवढे पुरत नाही. 2001 मध्ये जयस्वाल्स निको या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे ठरवले. आज क्लिअरिंग वेगवान झाले असले, तरी शेवटच्या दिवशी चेक भरणे धोक्याचेच आहे.

चेक मेला तरी देणे मरत नाही. विकणाऱ्याला 30 हजार मागण्याचा हक्क आहे आणि दिवाणी दाव्यासाठी साधारणपणे तीन वर्षांची मुदत मिळते. त्याने जुना चेक परत करून नवा मागावा. जुन्या चेकवर तारीख बदलून देणाऱ्याने सही केली, तर ते कायद्याला चालते. तरी नवा चेक घेणेच बरे, म्हणजे तारखेवरून शंका राहत नाही. दुकानदाराने मात्र जुना चेक हातात आल्याशिवाय नवा देऊ नये. तो हरवला असेल, तर आधी थांबवण्याची सूचना द्यावी आणि मगच नवा लिहावा.

(पुढील लेखांक : सुरक्षेपोटी दिलेले कोरे, सही केलेले चेक)