‘मतदान करा’ सांगून मुलं मतदान करत नाहीत. मग कॉलेजच्या भाषणात सांगायचं काय?

२५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस. निवडणूक आयोगाची स्थापना १९५० मध्ये याच तारखेला झाली आणि २०११ पासून हा दिवस साजरा होतो. कॉलेजात त्याचं स्वरूप बहुतेक ठरलेलं असतं. सभागृहात एनएसएसचे विद्यार्थी पुढच्या रांगेत, बाकीचे हजेरीसाठी मागे. पाहुणे येतात, लोकशाहीचं महत्त्व सांगतात, शपथ होते, फोटो निघतो. मागच्या रांगेतल्या मुलीला मात्र आपलं नाव मतदार यादीत आहे की नाही, हे त्या तासाभरानंतरही माहीत नसतं.

अडचण नेमकी इथेच आहे. पहिल्यांदा मतदान करणाऱ्या मुलांपैकी अनेकांचा मतदानाला विरोध नसतो. मतदानाच्या दिवशी त्यांचं नाव यादीत नसतं, किंवा ते तीनशे किलोमीटर दूरच्या गावात असतं. म्हणून ज्या भाषणाचा उपयोग व्हावा असं वाटतं, त्याची सुरुवात ‘तुम्ही मतदान करणार का?’ या प्रश्नाने होऊ नये. या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. ‘तुमचं नाव आत्ता कुठल्या यादीत आहे?’ असं विचारलं, की सभागृह शांत होतं.

एक उदाहरण: लातूरची मुलगी, पुण्याचं हॉस्टेल

समजा, लातूरची एक मुलगी पुण्यात इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिची जन्मतारीख १४ ऑगस्ट २००७. म्हणजे १४ ऑगस्ट २०२५ ला ती १८ वर्षांची झाली. पण मतदार यादीत येण्यासाठी वाढदिवस पुरत नाही, अर्हता दिनांक गाठावा लागतो. पूर्वी वर्षातून एकच अर्हता दिनांक होता, १ जानेवारी. कायद्यातल्या बदलानंतर २०२२ पासून असे चार दिवस आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. या मुलीसाठी १ ऑक्टोबर २०२५ लागू झाला. १७ वर्षं पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. तो आधी केला असता, तर वाढदिवसानंतर धावपळ करावी लागली नसती.

१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. पुणे त्यात होतं, लातूरही. मुलगी तेव्हा १८ वर्षं पाच महिन्यांची होती, तरी तिला दोन्हीकडे मतदान करता आलं नसतं. महापालिका, जिल्हा परिषद अशा निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तो वेगळी यादी तयार करत नाही, विधानसभेची यादीच वापरतो. त्यासाठी एक तारीख ठरवली जाते आणि त्या दिवशी यादीत जी नावं असतील तीच धरली जातात. या वेळी ती तारीख होती १ जुलै २०२५. त्यानंतर कितीही अर्ज मंजूर झाले, तरी महापालिकेसाठी उपयोग शून्य.

आता तिचीच वर्गमैत्रीण घ्या. ती मार्च २००७ ची, म्हणजे एप्रिलच्या अर्हता दिनांकालाच पात्र. पण ‘निवडणूक जाहीर झाली की बघू’ म्हणून तिने अर्ज केला नाही. तिचंही मत गेलं. पहिलीचं वयामुळे गेलं, दुसरीचं आळसामुळे. महापालिकेची मुदत पाच वर्षांची, इंजिनीअरिंगचा कोर्स चार वर्षांचा. म्हणजे हॉस्टेलसमोरचा रस्ता, पाणी आणि रस्त्यावरचे दिवे यांचं काम पाहणारा नगरसेवक निवडण्याची संधी या दोघींना कॉलेज संपेपर्यंत बहुधा मिळणार नाही. भाषणात हे एवढंच सांगितलं, तरी पुरेसं टोचतं. वर उपदेश करायची गरज उरत नाही.

लोकसभा आणि विधानसभेसाठी थोडी जास्त सवलत आहे, पण तीही भरवशाची नाही. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत कायद्याने बदल करता येत नाही. आलेल्या अर्जावर हरकतींसाठी सात दिवस द्यावे लागतात, म्हणून अर्ज त्याच्या आठवडा-दहा दिवस आधीच गेलेला हवा. २०२४ ची विधानसभा निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली आणि उमेदवारी अर्जांची मुदत २९ ऑक्टोबरला संपली. हातात होते जेमतेम पाच-सहा दिवस. तेही सहामाही परीक्षा आणि दिवाळीच्या तोंडावर.

नाव घरी ठेवायचं की हॉस्टेलवर?

मुलं हाच प्रश्न सर्वांत जास्त विचारतात आणि त्याचं उत्तर बऱ्याच वक्त्यांना नीट देता येत नाही. नियम असा आहे की हॉस्टेलवर राहणारा विद्यार्थी आई-वडिलांच्या पत्त्यावर किंवा हॉस्टेलच्या पत्त्यावर, दोन्हीपैकी एका ठिकाणी नाव नोंदवू शकतो. हॉस्टेलचा पत्ता द्यायचा असेल, तर अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा. सोबत प्राचार्य किंवा रजिस्ट्रारचं बोनाफाइड प्रमाणपत्र जोडावं लागतं.

निवड मात्र विचार करून करावी. विद्यार्थ्यांसाठी टपाली मतदानाची सोय नाही. नाव लातूरला ठेवलं, तर मतदानाच्या दिवशी लातूरला जावंच लागेल. २०२४ चं विधानसभेचं मतदान बुधवारी होतं. मंगळवारी रात्रीची बस आणि गुरुवारी सकाळी परत, असा हिशेब झाला. गावाशी नातं घट्ट असेल, शिक्षण संपल्यावर परतायचं असेल, तर तो प्रवास करण्यात अर्थ आहे. उरलेली तीन-चार वर्षं पुण्यातच काढायची असतील आणि सुट्टी मिळण्याची खात्री नसेल, तर हॉस्टेलचा पत्ता जास्त व्यवहार्य. वक्त्याने दोन्ही बाजू मांडाव्यात आणि थांबावं.

चूक होते ती पुढच्या पायरीला. लातूरला आधीच नाव असलेली मुलं पुण्यात पुन्हा फॉर्म ६ भरतात. फॉर्म ६ फक्त पहिल्यांदा नाव नोंदवण्यासाठी असतो. पत्ता बदलायचा असेल, तर फॉर्म ८ भरायचा. चुकीचा फॉर्म गेला आणि मंजूर झाला, की एका माणसाचं नाव दोन ठिकाणी येतं. हे कायद्याला मान्य नाही. आपलं नाव दुसरीकडे नाही, असं फॉर्म ६ मध्ये लिहून द्यावं लागतं आणि खोटं लिहून दिल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

एका मताची गोष्ट, पण पूर्ण सांगायची

मतदार जागृतीच्या भाषणात राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याचं उदाहरण हमखास येतं. २००८ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे निकाल एका मताने लागला: ६२,२१६ विरुद्ध ६२,२१५. टाळ्या मिळतात. पण गोष्ट तिथे संपत नाही. निकाल न्यायालयात गेला, एकाच व्यक्तीने दोन ठिकाणी नाव असल्याने दोनदा मतदान केल्याचा मुद्दा आला आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरवली. दोन यादीत नाव असणं ही कागदोपत्री बारीक चूक नाही, हे यापेक्षा चांगलं सांगणारं उदाहरण सापडणं अवघड.

जवळचं हवं असेल, तर २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये निकाल ४८ मतांनी लागला. कोण जिंकलं, कोणत्या पक्षाचं, हे सभागृहात सांगायचं कारण नाही. आकडा पुरतो. नाव घेतलं की अर्धं सभागृह आपल्या बाजूचं होतं आणि अर्धं ऐकणं थांबवतं.

तरीही प्रामाणिकपणे सांगायचं, तर असे निकाल क्वचितच लागतात. समोर इंजिनीअरिंगची मुलं असतील तर ती संभाव्यतेचा हिशेब मनातल्या मनात करतातच. ‘तुमच्या एका मताने सरकार बदलेल’ हे वाक्य त्यांना पटत नाही, आणि न पटणं बरोबर आहे. त्यांना पटू शकतो तो मुद्दा वेगळा आहे. निकालानंतर फॉर्म २० नावाचा तक्ता प्रसिद्ध होतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली, ते दिलेलं असतं. केंद्र म्हणजे साधारण हजार-बाराशे मतदार, चार-पाच गल्ल्या. तुम्ही कोणाला मत दिलं हे कोणालाच कळत नाही. पण तुमच्या भागातले किती लोक बाहेर पडले, हे प्रत्येक पक्षाचा कार्यकर्ता तक्त्यात पाहू शकतो. हॉस्टेलच्या भागातल्या केंद्रावर मतंच पडत नसतील, तर पुढच्या वेळी तिथे प्रचाराला कोण येईल आणि तिथल्या तक्रारी कोण ऐकेल? इथे मत कोणालाही गेलेलं असो, अगदी ‘नोटा’ला असलं तरी ते मोजलं जातं.

भाषणातली शेवटची दहा मिनिटं

बोलणं पंधरा मिनिटांत आटोपावं आणि उरलेल्या वेळात मुलांना मोबाइल बाहेर काढायला सांगावेत. voters.eci.gov.in वर नाव, जन्मतारीख आणि जिल्हा टाकून किंवा मतदार ओळखपत्राच्या क्रमांकावरून नाव शोधता येतं. ओळखपत्र हातात आहे म्हणजे नाव यादीत आहे, असं नसतं. नाव वगळलं गेलेलं असू शकतं. आडनावाच्या स्पेलिंगमुळे शोध फसतो, तेव्हा क्रमांकावरून शोधणं बरं.

ज्यांचं नाव नाही, त्यांनी तिथेच फॉर्म ६ भरायला घ्यावा. अर्ज पाठवल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक स्क्रीनशॉट काढून ठेवावा, कारण अर्जाचं पुढे काय झालं ते त्यावरूनच कळतं. पडताळणीसाठी बीएलओ पत्त्यावर येतात. हॉस्टेलच्या गेटवर ‘असं कोणी नाही’ असं उत्तर मिळालं की अर्ज नामंजूर होऊ शकतो. त्यामुळे रेक्टर आणि वॉचमन यांना अर्ज केलेल्यांची यादी देऊन ठेवणं हे कॉलेजचं काम आहे. शपथेपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

मतदानाच्या दिवसाबद्दल एकच गोष्ट या पिढीला आवर्जून सांगावी लागते. केंद्राच्या आत मोबाइल चालत नाही, त्यामुळे मोबाइलमधलं डिजिटल ओळखपत्र दाखवू म्हणून रिकाम्या हाताने जाऊ नये. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स खिशात हवं. लोकसभा-विधानसभेसाठी कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही. शंका असल्यास १९५० या क्रमांकावर विचारता येतं.