इमारत जागेवर, अंगण खाली

रामदासपेठेत जुना बंगला पाडून फ्लॅट स्कीम उभी राहते तेव्हा पाया खोदताना आधी काळी माती लागते, खाली मुरूम येतो आणि बहुतेक ठिकाणी काही मीटरांतच झिजलेला बेसाल्ट हाती लागतो. इथल्या भिंतींना तडे जातात ते काळ्या मातीच्या स्वभावामुळे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात रुंदावलेली भेग ऑगस्टमध्ये मिटल्यासारखी दिसली, तर दोष बहुधा काळ्या मातीचाच.

पण नागपूरकरांची मुलं आता उलवे, कामोठे, कळंबोलीकडे घरं घेतात आणि तिथून वेगळीच तक्रार येते. इमारतीला एकही तडा नाही, मात्र पार्किंगच्या फरशा खाली गेल्या आहेत, पायरी आणि जमीन यांच्यात फट पडली आहे, ड्रेनेजचा पाइप दुसऱ्यांदा तुटला आहे. शिवाय ही फट कोणत्याच ऋतूत मिटत नाही, दरवर्षी वाढतेच. नागपूरच्या अनुभवावर हे उलगडत नाही, कारण तिथल्या भरावाखाली खाडीचा मऊ चिखल आहे. अभियंते त्याला मरीन क्ले म्हणतात. तो ज्या रीतीने बसतो तिचं नाव कन्सॉलिडेशन.

हा चिखल म्हणजे अतिशय बारीक कणांची सैल वीण. कणांमधल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात आणि पोकळ्याही थोड्याथोडक्या नसतात. तीन घनमीटर चिखलात दोन घनमीटर पाणी आणि एक घनमीटर माती, असं प्रमाण खाडीकाठी नवल नाही. मातीचे कण काही दबत नाहीत, पाणीही व्यवहारात दबत नाही. म्हणून हा थर पातळ होण्याला एकच वाट आहे: पाण्याने बाहेर पडायचं आणि रिकाम्या झालेल्या जागेत कणांनी एकमेकांजवळ सरकायचं. रोलर फिरवून इथे काही साधत नाही. रोलर मातीतली हवा काढतो, आणि इथे हवा नाहीच.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेबासाठी निवडले आहेत, पण अशा मातीला शोभणारेच आहेत. सहा मीटर जाडीचा चिखल आहे, पाण्याची पातळी त्याच्या माथ्यावर आहे. जागा भरतीच्या पाण्याच्या वर यावी म्हणून त्यावर दोन मीटर मुरमाचा भराव घातला. भरावाचं वजन साधारण चार टन प्रति चौरस मीटर. भरावाआधी थराच्या मध्यावरच्या कणांवर, पाण्याची उचल वजा जाता, जेमतेम १.७ टनांचा भार होता. म्हणजे दोन मीटर मुरूम टाकताच भार तिपटीहून जास्त झाला. इमारत तर अजून उभीही नाही.

हे चार टन पहिल्या दिवशी उचलतं कोण? पाणी. त्याला निसटायला वेळच मिळालेला नसतो, म्हणून सगळा नवा भार पाण्याच्या दाबात उतरतो. त्या दिवशी थराच्या मध्यापर्यंत एक बारीक नळी घातली, तर तिच्यातलं पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा चार मीटर वर चढेल. अशी नळी प्रत्यक्षात घालतातही. तिला पिझोमीटर म्हणतात. जसजसं पाणी झिरपत जातं तसतशी नळीतली पातळी उतरते, आणि पाण्याने सोडलेला भार कण उचलू लागतात. जमीन खचते ती या हस्तांतराच्या वेगाने. एकूण भार पहिल्या दिवशी जेवढा होता तेवढाच शेवटच्या दिवशी असतो, फक्त तो वाहणारा बदललेला असतो. कार्ल तेरझागी या अभियंत्याने १९२५ साली आपल्या ग्रंथात हे गणितासह मांडलं आणि आजही हिशेब त्याच पायावर होतो.

वेग इतका कमी का, हे चिखलाच्या पारगम्यतेवरून कळतं. सारख्याच उतारावर पाणी भरड वाळूतून दिवसाला शंभरेक मीटर जातं, तर अशा चिखलातून वर्षाला तीनएक सेंटिमीटर. त्यात पाणी फक्त थराच्या कडांनीच बाहेर पडू शकतं, म्हणजे वरच्या भरावात आणि खाली वाळू किंवा फुटका दगड असेल तर त्यात. श्रीखंडासाठी टांगलेल्या जाड पुरचुंडीत कडेचा चक्का घट्ट झाला तरी मधलं दही ओलंच राहतं, तसंच इथे होतं. आधी कडा घट्ट होतात, आणि मधल्या पाण्याला त्या घट्ट झालेल्या भागातूनच वाट काढावी लागते. शिवाय ढकलणारा दाबही आता उतरलेला असतो. म्हणून खचण्याचा वेग सुरुवातीला जास्त असतो आणि पुढे मंदावत जातो, पण एकदम थांबत नाही.

किती वर्षं लागतील याचा अंदाज प्रयोगशाळेतून येतो. बोअरमधून पातळ नळीने चिखलाचा नमुना न विस्कटता काढतात, त्याची २० मिलिमीटर जाडीची चकती कापतात, वर-खाली सच्छिद्र दगड ठेवतात आणि वजन लादून ती किती आणि किती वेगाने बसते ते मोजतात. आपल्या उदाहरणातल्या मातीची चकती आपल्या वाट्याचं ९० टक्के बसणं पाऊण तासात उरकेल. जमिनीतल्या थराला तेवढ्यासाठी साडेसात वर्षं लागतील. माती तीच, फरक फक्त वाटेच्या लांबीचा. चकतीतल्या पाण्याला जास्तीत जास्त १० मिलिमीटर जायचं असतं, थरातल्या पाण्याला तीन मीटर. वाट तीनशेपट लांब आणि वेळ तीनशेच्या वर्गाइतका, म्हणजे ९० हजारपट. हा वर्ग या साऱ्या विषयाची किल्ली आहे. थराखाली पाणी न सोडणारा अखंड दगड असेल तर पाण्याला एकच दिशा उरते, वाट दुप्पट होते आणि साडेसातची तीस वर्षं होतात.

आणि बसेल किती? या मातीच्या मोजमापांवरून एकूण खचणं ९५ सेंटिमीटरच्या आसपास येतं. त्यातलं निम्मं पहिल्या पावणेदोन वर्षांत, आणखी सुमारे ३८ सेंटिमीटर साडेसात वर्षं होईपर्यंत, उरलेलं त्यानंतर. चिकणमातीवरच्या आरसीसी इमारतीच्या सुट्या पायांना आयएस १९०४ हे भारतीय मानक ७५ मिलिमीटरपर्यंत खचणं चालवून घेतं. ९५ सेंटिमीटर कुठे आणि हे कुठे! म्हणून अशा जागी बहुमजली इमारत चिखलावर टेकवतच नाहीत. पाइल्स चिखल ओलांडून दगडापर्यंत नेतात.

इथे सुरुवातीच्या तक्रारीचं कोडं सुटतं. बांधकामात पहिली दोन वर्षं गेली, तरी भरावाचं निम्मं खचणं अजून बाकी आहे. इमारत दगडावर आहे, ती जागेवरच राहते. पार्किंग, पायऱ्या, रॅम्प, कंपाउंडची भिंत आणि जमिनीतले पाइप भरावावर आहेत, ते खाली जातात. पाइप नेमका तिथे तुटतो जिथे तो इमारतीला जोडलेला असतो, कारण त्याचं एक टोक दगडाला बांधलेलं आणि दुसरं चिखलावर. ताठ पाइपाऐवजी लवचिक जोड दिला नसेल तर दुरुस्ती पुन्हा पुन्हा करावी लागते. फट दिसली म्हणजे इमारत कलली असं नव्हे. उलट, ती हललेली नाही म्हणूनच फट दिसते. एक धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. खाली जाणारा चिखल पाइलला चिकटून तिलाही खाली ओढतो. हा जादा भार डिझाइनमध्ये धरलेला असावा लागतो, आणि तो धरला होता का हे कागदावरूनच कळतं.

खचणं कन्सॉलिडेशनचंच आहे हे ओळखायला मोजणीसारखं दुसरं साधन नाही. इमारतीच्या एखाद्या कॉलमवर पक्की खूण करायची, अंगणात चार-पाच खुणा रोवायच्या आणि ठरावीक अंतराने लेव्हल घ्यायची. दरवर्षीची भर आधीच्या वर्षापेक्षा कमी होत असेल तर सगळं अपेक्षेप्रमाणे चाललं आहे. एखाद्या वर्षी वेग पुन्हा वाढला तर काहीतरी नवं घडलं आहे. कुणी आणखी भराव टाकला असेल किंवा शेजारच्या खोल तळघरासाठी पाणी उपसलं जात असेल. भूजल एक मीटर उतरलं की पाण्याची उचल गेल्यामुळे खालच्या चिखलावर चौरस मीटरला एक टन भार वाढतो, वर काहीही न ठेवता. आणि स्वतः इमारतीच्या खुणाच खाली जात असतील तर मात्र अंगण सोडून पाइल्सची चौकशी करायची.

उपाय वाटेच्या वर्गातूनच निघतो: वाट आखूड करा. चिखलात साधारण मीटर-मीटर अंतरावर प्लास्टिकच्या चपट्या, खाचांच्या पट्ट्या उभ्या खुपसतात. पाण्याला मग तीन मीटर वर किंवा खाली जायची गरज उरत नाही, अर्धा मीटर आडवं गेलं की पट्टी भेटते. आपल्या उदाहरणातले ९० टक्के यामुळे आठ-दहा महिन्यांत येतात. वर गरजेपेक्षा जास्त भराव घालून तो नंतर काढला, तर पुढचं खचणं आधीच वसूल होतं. न्हावा-शेवाच्या बंदरात कंटेनर यार्डाखाली आणि नवी मुंबई विमानतळाच्या जमिनीसाठी या पट्ट्या वापरल्या गेल्या. पट्टी पोचते तिथपर्यंतच उपयोगी, हीही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. जपानच्या कान्साई विमानतळाच्या बेटाखाली वरच्या मऊ थरात असे निचरे दिले होते. त्याखालच्या जुन्या, खोल थरांत ते नव्हते. १९९४ साली सुरू झालेला तो विमानतळ आजही थोडाथोडा बसतोच आहे.

या हिशेबातला ‘किती’ बऱ्यापैकी भरवशाचा असतो, ‘केव्हा’ नसतो. चिखलात बोअरच्या नजरेतून सुटलेला वाळूचा पातळ पापुद्रा असला तर पाण्याला आणखी एक वाट मिळते आणि वर्षं निम्म्याहून कमी होऊ शकतात. दुसरीकडे, सगळा जादा दाब उतरल्यावरही कणांची रचना अगदी सावकाश सरकत राहते आणि थोडं खचणं चालूच राहतं. त्यामुळे नेमकी तारीख सांगणाऱ्यापेक्षा मोजून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा.

खाडीकाठी घर घेताय तर बिल्डरकडे माती परीक्षणाचा अहवाल मागा. चिखलाची जाडी आणि भराव कधी टाकला हे त्यात पाहा. पट्ट्या घातल्या होत्या का आणि भरावाच्या खचण्याच्या नोंदी आहेत का, तेही विचारा. नोंदी नसतील तर पार्किंग आणि पाइप यांच्या दुरुस्तीसाठी सोसायटीने पहिल्या वर्षापासून वेगळा निधी ठेवावा, आणि सगळी फरशी सिमेंटमध्ये पक्की न बसवता काढून पुन्हा बसवता येतील असे पेव्हर ब्लॉक घालावेत.