मुलाम्याच्या अंगठीत सोनं किती?

रोज वापरातली मुलाम्याची अंगठी सहा-आठ महिन्यांनी उलटी धरून पाहा. वरून ती अजून झळकत असते. तळहाताच्या बाजूला मात्र, जिथे ती भांड्यांना, गाडीच्या हँडलला, पिशवीच्या बंदाला घासते, तिथे खालचं पितळ उघडं पडलेलं दिसतं. सोनं कधी खराब होत नाही, ते झिजतं. म्हणून खरा प्रश्न थराच्या जाडीचा आहे.

तीन मिलिमीटर रुंद, साधारण दोन ग्रॅम वजनाची एक अंगठी घेऊ. गोल्ड प्लेटेड असेल, तर पितळेवर विजेच्या साहाय्याने सोन्याचा थर चढवलेला असतो. तो अर्धा मायक्रॉन धरला, तर अख्ख्या अंगठीवर जेमतेम पाच मिलिग्रॅम सोनं बसतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. बाजारातल्या पुष्कळ दागिन्यांवर थर याहूनही पातळ असतो.

व्हर्मेमध्ये खाली ९२५ची चांदी असते. अमेरिकेतल्या नियमानुसार तिच्यावर किमान अडीच मायक्रॉन सोनं लागतं. म्हणजे आपल्या अंगठीवर चोवीसेक मिलिग्रॅम. पण हाही मुलामाच, आणि तोही झिजतो. थर विरळ झाला की हवेतल्या गंधकाने खालची चांदी काळवंडते आणि बारीक काळे ठिपके दिसू लागतात.

गोल्ड फिल्डची रीत वेगळी. सोन्याचा पत्रा पितळेवर ठेवून उष्णता आणि दाबाने एकजीव करतात, मग त्याच्या तारा किंवा पट्ट्या काढतात. '1/20 14K GF' असा ठसा असेल, तर वजनाचा विसावा भाग चौदा कॅरेटचा. दोन ग्रॅमच्या अंगठीत शंभर मिलिग्रॅम, त्यात शुद्ध सोनं अठ्ठावन्न. थर दोन्ही बाजूंनी असला तरी पंधराएक मायक्रॉन जाड होतो.

रोज घातलेली प्लेटेड अंगठी काही महिने ते वर्षभर तग धरते. व्हर्मेची वर्ष-दोन वर्षं, गोल्ड फिल्डची दहा वर्षं किंवा अधिक. कानातलं घासत नाही, म्हणून तोच मुलामा तिथे कितीतरी जास्त टिकतो. लग्नसमारंभापुरत्या हारासाठी प्लेटेड पुरेसं आहे. त्यावर जास्त पैसे घालू नयेत. घाम आणि अत्तर मात्र तिथेही वैरीच, म्हणून हार अत्तरानंतर घालावा आणि काढल्यावर मऊ कापडाने पुसून ठेवावा.

प्लेटेड आणि व्हर्मे दागिन्याला पुन्हा मुलामा देता येतो. गोल्ड फिल्ड मात्र जोरात पॉलिश करू देऊ नका. यंत्रावरचा ब्रश वर्षांचा थर मिनिटात खातो. आणि 'एक ग्रॅम सोन्याचा' म्हणून कुणी दागिना दाखवला, तर खाली कोणता धातू आहे आणि थर किती मायक्रॉनचा, हे दोन्ही बिलावर लिहून मागा.