दुसरं दुकान की ऑनलाइन विक्री?

नाशिकमधलं एक स्टेशनरीचं दुकान डोळ्यांसमोर आणू. आकडे कल्पित आहेत, पण अशा दुकानाला शोभतील असेच. जवळ दोन शाळा, वर्षाची विक्री 36 लाख. त्यातले 12 लाख एकट्या जून-जुलैत येतात आणि उरलेल्या दहा महिन्यांत महिन्याला सरासरी 2 लाख 40 हजार. गाठीला सात-आठ लाख जमलेत. मुलगा म्हणतो ऑनलाइन जाऊ, वडील म्हणतात नव्या वसाहतीत गाळा घेऊ.

वडिलांचा हिशेब आधी मांडू. गाळ्याचं भाडं 22 हजार, एका माणसाचा पगार 12 हजार, वीज आणि किरकोळ मिळून 4 हजार, म्हणजे महिन्याला 38 हजार. वह्या, पेनं, कंपास असा मिश्र माल विकून हातात 20 टक्के राहतात असं धरलं, तर नुसतं बरोबरीत यायला महिन्याला 1 लाख 90 हजारांचा गल्ला हवा. नवं दुकान पहिल्या वर्षी जुन्याच्या निम्मं चाललं तर? (पहिल्या वर्षाला हे जरा उदारच झालं.) जून-जुलैत सगळा खर्च जाऊन 44 हजार उरतील. पुढचे दहा महिने मात्र दरमहा 14 हजारांची खोट. वर्षाअखेर 96 हजार खिशातून गेलेले असतील, तेही अनामत आणि फर्निचर सोडून. हंगामातली गर्दी पाहून गाळा घेणाऱ्यांचं गणित चुकतं ते इथे.

शिवाय प्रत्येक कंपनीचं पेन, प्रत्येक मापाची वही दोन्हीकडे ठेवावी लागते. विक्री दीडपट होते, पण मालात अडकलेला पैसा जवळपास दुप्पट. उधारी कोणाला द्यायची हे मालकाला नजरेनं कळतं, आणि मालक एका वेळी एकाच गल्ल्यावर बसू शकतो.

आता मुलाचं म्हणणं. त्याच्या मनात देशभर पार्सलं जातात, पण स्टेशनरीचा माल जड आणि स्वस्त. 300 रुपयांच्या वह्यांवर सुटतात 60 रुपये. कुरियरचे 60 आणि खोक्याचे 12 दिले की पदरचे 12 गेले, वहीचा कोपरा दुमडून परत आली तर आणखी. तेच 1200 रुपयांचं फाउंटन पेन घ्या. 25 टक्क्यांनी 300 सुटले, त्यातून कुरियरचे 60, वेष्टनाचे 20, ऑनलाइन पैसे घेण्याचे 24 वजा केले तरी 196 उरतात. म्हणजे दूर पाठवायचा तो हलका, महाग आणि गावोगाव न मिळणारा माल: चांगली पेनं, शाई, जलरंग, कॅलिग्राफीच्या निबा. दुकानात हा माल नसेल, तर मोठ्या संकेतस्थळांवर वह्या विकायला जाऊ नये. तिथं भाव पाडणारे कायम भेटतात.

कराचीही एक अट आहे. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असलेल्या दुकानदाराला राज्याबाहेर माल विकता येत नाही. बंगळुरूचं गिऱ्हाईक हवं असेल तर आधी त्या योजनेतून बाहेर पडावं लागेल आणि हिशेबाचं काम वाढेल.

माझं मत विचाराल तर या दुकानानं कुरियरऐवजी आपल्याच चार किलोमीटरांत ऑनलाइन जावं. पालक व्हॉट्सअ‍ॅपवर शाळेच्या यादीचा फोटो पाठवतात, दुकान मे महिन्यातच इयत्तेनुसार संच बांधून ठेवतं, पैसे यूपीआयनं येतात आणि संध्याकाळी मुलगा स्कूटरवरून गठ्ठे पोचवतो. एका फेरीत दहा घरं झाली तर पोचवणीचा खर्च घरटी नगण्य. यातही एक तोटा आहे. खोडरबर घ्यायला आलेलं पोर काउंटरवरचं चकचकीत पेन बघून हट्ट धरतं, ती विक्री फोनवर होत नाही. आणि मोठ्या शहरांत दहा-पंधरा मिनिटांत पेन घरी पोचवणारी ब्लिंकिट, झेप्टोसारखी अ‍ॅप आहेत. सुट्या पेनासाठी त्यांच्याशी झुंजण्यात अर्थ नाही. शाळेची अख्खी यादी बिनचूक भरून देण्यात मात्र ओळखीचं दुकान सरस ठरतं.

या ऑर्डरींच्या वहीत पत्त्याचा एक रकाना जरूर ठेवावा. नव्या वसाहतीतून जूनमध्ये शंभर ऑर्डरी आल्या आणि सप्टेंबरात पाच, तर तिथं फक्त हंगाम आहे. गाळा घेऊ नये. ऑगस्ट-सप्टेंबरातही चार्टपेपर, प्रोजेक्टचं सामान, प्रिंटआउट यांची मागणी तिथून टिकली, तर वडिलांचं बरोबर होतं.

तेव्हाही भाडेकरार ऑगस्टात करू नये. अकरा महिन्यांचा करार ऑगस्टात सुरू झाला तर तो जूनअखेर संपतो. दहा मंद महिन्यांचं भाडं भरायचं आणि ऐन हंगामात नूतनीकरणासाठी मालकाच्या दारात उभं राहायचं! करार एप्रिलपासून धरावा, मेमध्ये फळ्या ठोकून माल भरावा आणि मुदतीआधी बाहेर पडता येईल असं कलम सही करण्यापूर्वी लिहून घ्यावं.